शाई वाळण्याआधीच हात पोहोचतो

«काका, मी डावरी आहे. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणार आहे आणि दादरला टेस्ट सिरीज लावलीय. जेल पेनने हात भरभर चालतो, पण पेपर संपेपर्यंत करंगळीची बाजू निळी झालेली असते आणि उत्तरांवर पट्टे उमटतात. मागच्या टेस्टला सरांनी ‘वाचता येत नाही’ असा शेरा मारला. बॉलपेन घेतलं तर तासाभरात अंगठा भरून येतो. बाबा म्हणतात शाईपेन वापर, अक्षरही सुधारेल. नोट्सला एक आणि परीक्षेला एक अशी दोन पेनं ठेवू का? नक्की काय घेऊ?»
— क., लालबाग

क.,

परीक्षेला बॉलपेन घे. फक्त ते जुन्या घट्ट शाईचं नको, हल्ली मिळणाऱ्या पातळ तेलकट शाईचं, ०.७ मिलिमीटरच्या टोकाचं घे. नोट्सनाही तेच चालव. बाबांचं शाईपेन घरी राहू दे, त्याचा उपयोग पुढे सांगतो. अंगठ्याचं दुखणं वेगळं आहे आणि त्यात पेनाचा दोष अर्धाच आहे. माझं आयुष्य पेनं विकण्यात गेलं. डावरी पोरं दुकानात आली की मी आधी पेन दाखवत नसे, हात दाखव म्हणायचो. तुलाही आधी तेच सांगतो.

आपण तुझ्या हाताचा हिशेब मांडू. सामान्य अध्ययनाचा एक पेपर घे. वीस प्रश्न, त्यातले दहा दीडशे शब्दांचे आणि दहा अडीचशे शब्दांचे, म्हणजे चार हजार शब्द. वेळ तीन तास. प्रश्न वाचणं, दोन मिनिटं डोकं लावणं, पानं उलटणं यात अर्धा तास गेला असं धरलं तर लिहायला दीडशे मिनिटं उरतात. मिनिटाला सव्वीस-सत्तावीस शब्द, म्हणजे एका शब्दाला सव्वादोन सेकंद. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द थोडे कमी भरतात पण लांब होतात. हाताचं काम तेवढंच. आपण शब्दाला अडीच सेकंद धरू.

आता एक कोरा कागद घे, नेहमीसारखं पेन धर आणि एक शब्द लिहून हात तिथेच थांबव. तुझ्या तळहाताची कड, करंगळीची बाजू, कागदाला जिथे टेकलीय तिथे दुसऱ्या हाताने पेन्सिलने खूण कर. पेनाच्या टोकापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर पट्टीने मोज. समज ते चार सेंटिमीटर भरलं. तेवढ्या जागेत तुझ्या अक्षरात साधारण दोन शब्द बसतील. म्हणजे शब्द लिहिल्यापासून पाच सेकंदांत तुझा हात त्याच्यावरून जाणार. शाईला वाळायला मिळालेली मुदत एवढीच.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना हा हिशेब लागूच होत नाही. त्यांचा हात कोऱ्या कागदावरून पुढे सरकतो आणि लिहिलेलं मागे सुटतं. त्यांची शाई फिसकटते ती पान उलटताना, किंवा घाम गळल्यावर, किंवा अधोरेखित करायला पट्टी ठेवली तर. म्हणूनच तुझ्या वर्गातला कुणी ‘मी तर जेलनेच लिहितो, काही होत नाही’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. त्याचा सल्ला तुझ्या हाताला लावता येत नाही, एवढंच.

मराठीतून लिहिणाऱ्या डावऱ्यांना आणखी एक त्रास आहे, आणि त्याची दखल पेनांची जाहिरात करणाऱ्यांनी कधी घेतलेली मी पाहिली नाही. शिरोरेषा. शब्द लिहून झाला की पेन परत डावीकडे जातं आणि वरची रेघ मारत उजवीकडे येतं. या जाण्यायेण्यात तुझा तळहात मागच्या शब्दावरून एकदा उलटा आणि एकदा सुलटा घासला जातो. शिवाय पेनाचं टोक अक्षरांच्या ओल्या डोक्यांवरून जातं, म्हणून काना आणि रेघ मिळतात तिथे शाईचा बारीक गोळा होतो. जेलने लिहिलेल्या पानावर ‘र्थ’, ‘र्व’ अशा रफारांच्या जागा बघ, सगळ्यात आधी तिथेच काळवंडलेलं दिसेल. काही जण आख्खी ओळ लिहून मग एकदम लांबलचक शिरोरेषा ओढतात. डावऱ्यांसाठी ही सवय सगळ्यात वाईट, कारण सबंध ओळीवर हात परत फिरतो. शब्दागणिक रेघ मार, आणि तळहात न हलवता, नुसत्या बोटांनी मार. लांब शब्द असेल तर रेघ दोन तुकड्यांत मारलीस तरी तपासणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही.

आता पाच सेकंदांच्या मुदतीत कुठली शाई बसते ते बघू.

बॉलपेनची शाई तेलासारख्या द्रावकात कालवलेला रंग असतो. तो लगेच कडक सुकतो असं नाही, पण टोकाची गोळी कागदावर इतका पातळ थर सोडते की तो जवळजवळ लागलीच कागदाच्या तंतूंत शिरतो. पुसायला वर काही उरतच नाही. यात पाणी नसल्यामुळे हवेतल्या दमटपणाचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. हा मुद्दा तुझ्यासाठी बारीक नाही. मुख्य परीक्षा गेली काही वर्षं ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि तू मुंबईचं केंद्र घेतलंस तर बाहेर पाऊस आणि आत कुंद हवा असणार.

जेलची गोष्ट उलटी. त्या शाईचा पाया पाणी आहे. तिला घट्ट करणारं द्रव्य असं असतं की शाई स्थिर असताना गोठल्यासारखी राहते आणि गोळी फिरली की पातळ होऊन वाहते. म्हणून जेल पेन न दाबता चालतं. पण कागदावर उतरली की ती पुन्हा घट्ट होते आणि जाडसर थर होऊन वर बसते. टोक सुकू नये म्हणून तिच्यात ओल धरून ठेवणारं द्रव्यही घातलेलं असतं, आणि ते कागदावरही आपलं काम करत राहतं. आधीच दमट असलेल्या हवेत ते पाणी जाणार कुठे? कोरड्या हवेत जी ओळ चार-पाच सेकंदांत हाताला लागत नाही, तीच पावसाळ्यात दहा-बारा सेकंदांनीही लागू शकते. तुझी निळी करंगळी या फरकातून आलेली आहे.

तू निळं जेल वापरतेस म्हणून एक उपसूचना. काळ्या जेलमध्ये बऱ्याचदा कार्बनचा रंगकण असतो, तो वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. निळ्यात पाण्यात विरघळणारा रंग असण्याची शक्यता जास्त. घरच्या घरी कळतं. एक ओळ लिही, अर्धा तास वाळू दे आणि वर पाण्याचा थेंब सोड. कडा निळसर पसरल्या तर कपाळावरचा घामाचा थेंब त्या उत्तराचं काय करेल हे तुला दिसलंच. जेल सोडवतच नसेल तर लवकर वाळणाऱ्या शाईची काही महाग जेल पेनं मिळतात, एनर्जेल त्यांपैकी एक. ती चांगली आहेत. पण डाव्या हाताने आणि शिरोरेषेसकट लिहिताना ती पाच सेकंदांत बसतात का, हे तुझ्याच कागदावर पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नकोस. व्ही-फाइव्हसारखी सुईटोकाची पेनं तुझ्या क्लासमध्ये बरीच दिसत असतील. ती ना बॉल ना जेल, त्यांत पाण्यासारखी पातळ शाई असते. हात पळतो खरा, पण शाई कागदात खोल जाते आणि पातळ कागदावर मागच्या बाजूला उमटते. उत्तरपुस्तिकेत दोन्ही बाजूंनी लिहायचं असतं.

शाईपेन. बाबांची सूचना जुन्या पिढीची म्हणून मी उडवून लावत नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅम्लिन उभं राहिलं. तेव्हापासून या शहरातल्या पोरांनी परीक्षा शाईपेनानेच दिल्या, आणि त्यांत डावरी पोरंही होती. पण त्यांना चार हजार शब्दांच्या पेपरात हात असा पळवावा लागत नव्हता. निबेची अडचण सुकण्याच्याही आधी सुरू होते. निब ओढण्यासाठी घडवलेली असते. उजवा हात ती डावीकडून उजवीकडे ओढत नेतो, तुझा हात ती ढकलत नेतो. ढकलताना निबेची टोकं कागदात रुततात, तंतू उचलतात, आणि शिरोरेषा मारताना तर करकर आवाज येतो. बारीक निब असेल तर जास्तच. वर शाई म्हणजे जवळपास पाणीच, त्यामुळे दमट दिवशी पाच सेकंदांत वाळायची आशा नको. घरी सावकाश मुद्दे काढताना मात्र शाईपेन फार छान. हाताला दाब द्यावा लागत नाही, आणि दाब न देण्याची सवय हीच तुला हवी आहे. रोज वीस मिनिटं त्याने लिही. अंगठ्याचं औषध म्हणून.

आता प्रत्यक्ष परीक्षा घ्यायची, पण पेनाची. तीन पेनं घे: तुझं आत्ताचं जेल, एक पातळ शाईचं बॉलपेन (बटरफ्लो किंवा पेंटॉनिकसारखं, दहा-पंधरा रुपयांचं पुरतं, जेटस्ट्रीम परवडलं तर तेही) आणि एक जुन्या घट्ट शाईचं बॉलपेन. कागद तुझ्या टेस्ट सिरीजच्या उत्तरपुस्तिकेचाच घे. वहीचा नको, कारण वहीचा गुळगुळीत कागद आणि पुस्तिकेचा कागद शाई वेगवेगळी पितात. पंखा बंद कर. पावसाचा दिवस असेल तर उत्तम. प्रत्येक पेनाने ‘अर्थव्यवस्था’ हा शब्द शिरोरेषेसकट पाच वेळा लिही. पहिल्यावरून लगेच, दुसऱ्यावरून दोन सेकंदांनी, मग पाच, दहा आणि वीस सेकंदांनी करंगळीची बाजू फिरव. बोटाने पुसू नकोस, बोट कोरडं असतं. तळहात अर्धा तास लिहून झाल्यावर जसा ओलसर असतो तसाच हवा, म्हणून हा प्रयोग टेस्ट देऊन आल्यावर कर.

माझा अंदाज असा: घट्ट बॉलपेन पहिल्याच शब्दाला जेमतेम डाग देईल. पातळ बॉलपेन लगेच पुसलंस तर हलकी सावली देईल आणि दोन सेकंदांनंतर काही नाही. जेल पाचव्या सेकंदालाही पट्टा ओढेल. तुझ्याकडे निकाल वेगळा आला तर तुझा निकाल खरा मान, माझा नाही. पाच सेकंदांच्या रकान्यात जो शब्द स्वच्छ राहिला, ते तुझं परीक्षेचं पेन.

आता अंगठा. तू ज्या बॉलपेनने लिहून बघितलंस ते बहुधा घट्ट शाईचं होतं. त्या शाईला गोळीवर ओढून आणायला दाब लागतो. तो दाब तू देतेस, आणि पुरेसा झाला तरी देत राहतेस. खूण सोपी आहे. लिहिलेलं पान उलट आणि मागून डोळे मिटून बोट फिरव. ब्रेल लिपीसारखे उंचवटे लागले तर दाब जास्त आहे. पातळ शाईचं पेन घेतल्याने यातला निम्मा त्रास जाईल. उरलेला निम्मा तुझ्या धरण्यात आहे. पेन टोकाच्या फार जवळ धरू नकोस, बोटं थोडी वर घे. त्याने दोन गोष्टी होतात: पकड आपोआप सैल पडते, आणि लिहिलेलं तुला दिसायला लागतं. डावरे बऱ्याचदा लिहिलेलं दिसावं म्हणूनच मनगट वळवून, आकड्यासारखं वाकवून लिहितात आणि दुखणं ओढवून घेतात. एक मात्र सांभाळ. पेन फार आडवं पाडून धरलंस तर गोळीऐवजी तिच्याभोवतीची धातूची कड कागदाला घासते आणि अक्षर तुटक येतं. पेन कागदाशी उभ्याकडे झुकलेलं असू दे.

त्याहूनही मोठा फरक कागदाच्या तिरपेपणाने पडतो. उत्तरपुस्तिका घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरव, तीसेक अंश, म्हणजे वरची कड उजवीकडे झुकेल. हात ओळीच्या खाली ठेव. असं बसलीस की तळहात लिहिलेल्या ओळीवर न येता तिच्या खालच्या कोऱ्या जागेवरून सरकतो, आणि पाच सेकंदांचा सगळा हिशेबच मोडतो. हे आठवडाभरात अंगवळणी पडत नाही. पहिले काही दिवस अक्षर बिघडेल, वेग कमी होईल. मुख्य परीक्षेला दोन महिन्यांहून जास्त असतील तरच सुरू कर. नसतील तर आहे तसंच लिही आणि पेन बदल, तेवढ्यानेही पट्टे जातील.

यात मुंबईतली एक अडचण येते. क्लासमध्ये ज्या खुर्च्या असतात त्यांना लिहायची फळी उजव्या हाताला असते. डावऱ्याला त्यावर कोपर टेकवायला जागाच नाही. मग हात अधांतरी राहतो, खांदा दुखतो आणि पेनावर दाब वाढतो. टेस्टच्या दिवशी जरा लवकर जा आणि टेबल असलेली जागा माग. नसेल तर डावीकडची खुर्ची रिकामी ठेवायला सांग आणि तिच्या फळीवर डावा हात टेकव. सरांना हे कारण सांगून माग, संकोच करू नकोस. त्यांनी शेरा मारलाय, त्यांनाच सुधारणा हवी आहे.

बॉलपेन निर्दोष आहे असं मात्र समजू नकोस. त्याच्या दोन खोड्या तुला माहीत हव्यात. पहिली, पेन ओकतं. गोळीने आणलेली सगळी शाई कागदावर उतरत नाही, थोडी कडेला साठते आणि एखाद्या वळणावर, ‘ळ’ किंवा ‘इ’ काढताना, टिपका होऊन पडते. हा टिपका मात्र वाळत नाही, आणि त्यावरून हात गेला तर जेलहून वाईट पट्टा निघतो. पानाला एकदा पेनाचं टोक रुमालाच्या कोपऱ्याला टेकवून फिरवायची सवय लाव. सारखंच ओकत असेल तर ते पेन बाजूला टाक.

दुसरी खोड अशी की पानाच्या खालच्या भागात बॉलपेन अचानक उमटायचं थांबतं. पेन खराब झालं असं वाटून पोरं घाबरतात आणि कागदावर गिरवत बसतात. बहुतेक वेळा पेन ठीक असतं. वरच्या ओळी लिहिताना तुझा तळहात तिथे टेकून टेकून कागदावर तेलकट घाम बसलेला असतो. त्यावर गोळी फिरत नाही, नुसती घसरते. तळहाताखाली साधा पांढरा रुमाल घडी करून ठेव आणि ओळीबरोबर खाली सरकव. सुटा कागद ठेवू नकोस, परीक्षाकक्षात त्यावरून उगाच चौकशी होईल. असाच त्रास पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवरही येतो, पण कारण वेगळं. तोवर उजव्या पानाखाली पानांची गादी उरलेली नसते, खाली थेट लाकूड असतं, आणि कडक जागेवर गोळी नीट फिरत नाही. तेव्हा पुस्तिका दुमडून लिहिलेली पानं खाली घेतलीस की गादी परत मिळते.

दोन पेनं ठेवू का, असं विचारलंयस. नको. वेग पेनाच्या घर्षणाची सवय होऊन येतो. वर्गात जेलवर हात पळवलास आणि पेपरात बॉलवर आलीस तर पहिला तास हात अडखळेल. नोट्सही त्याच पेनाने काढ. एक फायदा आयता मिळतो: नोट्सवर हायलायटर फिरवलास तर जेल आणि शाईपेनाचे शब्द त्यात विरघळून हायलायटरचं टोक काळं होतं, बॉलपेनाचे बहुतेक वेळा टिकतात. नोट्समध्ये दुसरा रंग हवाच असेल तर त्याच बनावटीचं लाल किंवा हिरवं घे. परीक्षेत रंग खेळू नकोस. प्रवेशपत्रावरच्या आणि पुस्तिकेवरच्या सूचना वाच, त्यात जो रंग दिलाय तोच शेवटपर्यंत. पूर्वपरीक्षेची ओएमआर काळ्या बॉलपेनानेच भरायची असते, म्हणून मी म्हणेन की मुख्य परीक्षेसाठीही काळ्याचाच सराव कर. फिकट निळ्यापेक्षा काळी रेघ थकलेल्या डोळ्यांना लवकर लागते.

कुणी खोडता येणारं पेन सुचवलं तर हात जोड. ती शाई घर्षणाच्या उष्णतेने अदृश्य होते, साठेक अंश सेल्सिअसला. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या नोट्स कोऱ्या होऊ शकतात. उत्तरपत्रिकेच्या जवळपासही ते नको.

खरेदीचं सांगतो. आधी गल्लीतल्या दुकानातून एकेक घे आणि वरचा प्रयोग कर. पेन ठरलं की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाऊन एकदम डबा घे, टेस्ट सिरीज आणि परीक्षा दोन्हींना पुरेल, आणि सगळी एकाच घाण्याची मिळतील. दुकानात पेन घेताना नुसती सही करून बघू नकोस. कागदावर इंग्रजी आठचा आकडा मोठा, न थांबता पाच-सहा वेळा गिरव. एखाद्या एकाच बाजूला जाताना टोक करकरलं किंवा रेघ दर वेळी तिथेच तुटली तर गोळीच्या कडेला मार लागलेला आहे, ते पेन परत दे. टोकावर पडलेलं पेनही तसंच होतं. लोकलच्या गर्दीत पेन टोपण लावूनच ने, बटणाचं असेल तर टोक आत आहे ना ते बघ.

परीक्षेच्या दिवशी कोरं करकरीत पेन घेऊन बसू नकोस. नव्या पेनाची पहिली काही पानं शाई कमीजास्त येते. त्या डब्यातली तीन पेनं आधीच्या आठवड्यात प्रत्येकी दोन-तीन पानं चालवून घे आणि त्यांवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण कर. दोन्ही सत्रांना तीच तीन न्यायची. दुपारच्या पेपरला सकाळचंच पेन पुढे चालव, ते तुझ्या हाताला लागलेलं असतं. दुसरं काढायचं ते पहिलं ओकायला लागलं किंवा हातातून टोकावर पडलं तरच.